तिघांचा विभाग

पटांचेरूच्या त्या पंपांच्या कारखान्यात वंदनाने विभागाविभागात जाऊन शब्द दिला होता, की कुणाचं नाव बाहेर येणार नाही. खरेदीपासून माल पाठवण्यापर्यंत सगळं काम एकत्र जोडणारं नवं ईआरपी सॉफ्टवेअर येण्याआधी लोकांची तयारी किती आहे, हे जोखणारी पाहणी होती, आणि एचआरप्रमुख म्हणून ती तिच्या गळ्यात पडली होती. मराठीत, तेलुगूत, दखनीत तिने समजावलं, मनातलं लिहा. पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या विभागाची उत्तरं वेगळी दाखवायचीच नाहीत, दुसऱ्या विभागात मिसळायची, असं ठरलंय.

आढावा बैठकीत सल्लागार हर्षदने पडद्यावर विभागवार तक्ता लावला. माल पाठवणारा डिस्पॅच विभाग लालभडक, म्हणजे तयारी सगळ्यात कमी. तिथे माणसं तीनच, आणि खाली शेराही जसाच्या तसा होता: ‘गाड्या भरायच्या की ट्रेनिंगला बसायचं? आधी बदली माणूस द्या.’

“हे लिहिणारी त्रिवेणीच,” प्लांटप्रमुख हिम्मतराव शांतपणे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्रिवेणीला प्रकल्पाच्या टीममधून काढलं. सॉफ्टवेअर यावं म्हणून जी बाई वर्षानुवर्षं भांडली, तिलाच बदलाची विरोधक ठरवलं. वंदनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हर्षदला गाठून जाब विचारला, तर तो म्हणाला, सरांनी विभागवार मागितलं, मी कसा नाही म्हणणार? मग ती डिस्पॅचमध्ये गेली. त्रिवेणीने चलनावरून मान वर केली नाही.

“तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं, ताई. आता मला काही विचारू नक्को.”

हिम्मतरावांनी पाहणी पुन्हा घ्यायला लावली. या वेळी सगळे विभाग हिरवेगार आले. ते तक्ता घेऊन मालक केशवरावांकडे निघाले, आणि सही करायला वंदनालाही बोलावलं.

तिने पेन उचललंच नाही.

“साहेब, लोक तयार झाले नाहीत, घाबरले आहेत,” ती म्हणाली. “तयारी म्हणून यावर मी सही करणार नाही. पहिला निकाल खरा होता, आणि तो सांगणाऱ्या बाईला आम्ही शिक्षा केली.”

हिम्मतराव म्हणाले, मॅडम भावनेच्या भरात बोलतायत. केशवरावांनी त्यांना एवढंच विचारलं, की डिस्पॅचला बदली माणूस दिला का. हिम्मतरावांनी तक्ता परत फाइलमध्ये घातला.

सॉफ्टवेअर सुरू करायची तारीख पुढे गेली. बदली माणसं आली, ट्रेनिंग कामाच्या वेळेत सुरू झालं, त्रिवेणीही टीममध्ये परतली. वंदनाने सगळ्यांची उघड माफी मागितली. पुढच्या पाहणीत मात्र डिस्पॅचचे तिन्ही कागद कोरे आले.

हिम्मतरावांनी फोन करून विचारलं, या लोकांना अजून हवंय तरी काय? वंदनाने फोन ठेवला. तिचा संताप अजून उतरला नव्हता, आणि उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.