तीन नंबरचं बटण

"एका कीबोर्डाला घरं तीन, आणि आपण आणलाय चौथा पाहुणा," लेक माझ्या कानाशी पुटपुटली. "वर म्हणे, कीबोर्ड आहेच की."

म्हणाले होते मीच. आम्ही घरीच छपाईसाठी पुस्तकांची पानं लावून देतो. मी मजकूर टाइप करते, लेक चुका तपासते, नवरा पानं लावायचा. टेबल एवढंसं, म्हणून त्यानंच हा बिनतारी कीबोर्ड आणला. एक दाबलं की माझा संगणक, दोन लेकीचा, तीन त्याचा. माझा परिच्छेद संपला की तो म्हणायचा, "दे." मी तीन दाबून कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवायची. आमच्या संसारात भांडणाशिवाय हाती दिलेली तेवढी एकच वस्तू.

मग तो जिन्यावरून पडला. मानेला मार बसला, हात लुळे पडले. सासूबाईंनी त्याचा संगणक आतल्या खोलीत, पलंगासमोर मांडून घेतला. रोज सकाळी त्याच चालू करतात. "बसायला लागला की हाताशी हवा." आम्हीही हो म्हणतो.

पानं आज संध्याकाळी गेली नाहीत, तर प्रकाशक काम दुसरीकडे देणार होते. ती लावायला लेकीसाठी हा नवा संगणक.

"तीन दाबून धरू," ती म्हणाली. "दिवा भराभर लुकलुकला की नवा जोडायचा. मात्र बाबांच्या संगणकाशी जोडणी तुटेल."

"त्याचं बटण आहे ते," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तुझं दोन दे की."

"मग चुका कशावर तपासू, आजी?"

"थोडे दिवस थांबा."

संध्याकाळ काही थांबणार नव्हती. पण मी उरलेला मजकूर टाइप करायला घेतला. परिच्छेद संपला. बोट सवयीनं तीनवर गेलं. नजर हस्तलिखितावर, त्यामुळे कळलंच नाही. पुढचं पान अर्धं टाइप झाल्यावर वर पाहिलं, तर माझ्या पडद्यावर एक अक्षर वाढलेलं नव्हतं.

"अगं," आतून त्याची हाक आली, "तुझा मजकूर इकडे सांडतोय."

आम्ही तिघी आत गेलो. त्यानं अर्धवट सोडलेल्या पानाच्या मधोमध माझ्या ओळी घुसल्या होत्या. त्याचे हात, सकाळी मी ठेवले तसेच, पांघरुणावर पडून होते.

"शेवटची ओळ दोनदा आलीय," तो म्हणाला.

"बघा, कसं लक्ष आहे त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "होईल. हळूहळू होईल."

मी मान हलवली. लेकीनंही हलवली. आम्हाला तिघींना आता असं हो म्हणणं छान जमतं.

त्यानं नजर पडद्यावरून सासूबाईंकडे वळवली.

"आई, उद्यापासून हा चालू करू नकोस," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, "तीनवर नवा जोड. माझे हात आता परत यायचे नाहीत."