ठिपक्यांतला पाच

मुलगी विजेच्या कामाच्या भरतीत नापास झाली आणि घरात पहिला प्रश्न उठला तो नोकरीचा नव्हता. प्रश्न होता, ही मुलगी कोणाची?

उठवला नणंदेने. ती भाचीबरोबर डोळे तपासायला गेली होती. तिथला डॉक्टर म्हणाला, पोरीला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. आणि मुलीला हा दोष असेल तर तो बापाला असतोच. नणंदेने ते वाक्य गाठीला बांधून घरी आणलं. तिचा भाऊ मालगाडीचा ड्रायव्हर. डोळा अधू असता तर त्याला इंजिनावर चढू दिलं असतं? ती एवढंच म्हणाली, "आमच्या घराण्यात असले डोळे नाहीत, वहिनी." एवढं पुरतं. बाईच्या अंगावर चिखल उडवायला घमेलं लागत नाही.

नवरा गप्प होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्या बाईला, मुलीच्या आईला, वाटलं.

बाई डोळ्यांच्याच दवाखान्यात तपासनीस होती. डॉक्टर खोटं बोलला नव्हता, हे तिला माहीत होतं. तिच्या वडिलांना तपकिरी आणि हिरवा कपडा सारखाच दिसायचा, म्हणजे या दोषाचं अर्धं खोटं नाणं तिच्याकडून गेलं. पण मुलीत दोष उतरायला दुसरं अर्धंही खोटं लागतं, आणि ते बापच देतो. स्वतःबद्दल तिला शंका नव्हती. मग उरला कोण?

ती नवऱ्याकडे चोरासारखी बघू लागली. हा टोमॅटो घेताना बघत नाही, दाबून घेतो. मोजे विचारून घालतो. सगळ्या जगाचे डोळे तपासले आणि घरात दिव्याखाली अंधार.

रविवारी दुपारी तिने दवाखान्यातलं, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक आणलं. ट्यूबलाइट बंद केली, पडदे बाजूला सारले. रंग दिवसाच्या उजेडात तपासायचे असतात. मुलीला, नणंदेला, नवऱ्याला टेबलाशी बसवलं.

"हे काय नाटक?" नणंदेने विचारलं.

बाईने तिला सरळ शब्दांत सांगितलं. डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी असतात, तीन जातीचे शंकू. एकटा शंकू रंग सांगत नाही. आपण किती चेतवलो तेवढंच सांगतो. लाल की हिरवा, हे त्यातल्या दोन जातींच्या उत्तरांतल्या फरकावरून मेंदू ठरवतो. त्या दोघी आधीच शेजारणी. त्यातली एक नसली, किंवा दुसरीसारखीच बोलू लागली, तर दोन साक्षीदारांची एकच जबानी. मग लाल कुठला आणि हिरवा कुठला?

"म्हणजे पोरीचे साक्षीदार फुटले," नणंद म्हणाली. "ते कळलं. माझ्या भावाचं काय?"

"तेच बघू. अहो, वाचा."

नवऱ्याने वाचलं. फार भरभर वाचलं. पान नीट उघडायच्या आत आकडा तोंडात. रेल्वेत लागल्यापासून दर तपासणीला हेच पुस्तक, हाच क्रम. बाईने एकदम दोन पानं उलटली. नवऱ्याने मधल्या, न दाखवलेल्या पानाचा आकडा सांगितला.

नणंदेला काही कळलं नाही. त्याला कळलं.

बाईला त्याची दया आली नाही. सिग्नलवर कुठला दिवा वर, कुठला खाली, हे पाठ करून हा आजवर गाडी हाकत आला होता. पण धुक्यात रुळावर कोणी एकच कंदील हलवला तर? तिथे वर कुठलं आणि खाली कुठलं?

तिने शेवटचं पान काढलं. हे पान उलट्या चालीचं. चांगल्या डोळ्याला इथे ठिपक्यांच्या गर्दीत काही सापडत नाही. लाल-हिरव्यात गफलत करणाऱ्यांपैकी कित्येकांना मात्र आकडा दिसतो. 'काही नाही' हे उत्तर नवऱ्याने पाठ केलेलं असणार. ते म्हटलं की नोकरी शाबूत, आणि बायको कायमची संशयात.

"आधी तू सांग," ती मुलीला म्हणाली.

"पाच," मुलगी म्हणाली. "ढळढळीत आहे की."

"कुठला पाच?" नणंद पुस्तकावर वाकली. "नुसते ठिपके आहेत. दादा, आहे का काही?"

नवऱ्याने पुस्तकाकडे पाहिलंच नाही. मुलीकडे पाहिलं. मुलगी ओठ चावत बसली होती, आत्याला दिसत नाही ते आपल्याला दिसलं म्हणजे नक्कीच काहीतरी चुकलं, अशा चेहऱ्याने.

"पाच," तो म्हणाला.

"दादा, अरे इथं काही नाहीये."

"तुला नाही दिसणार. आम्हा दोघांना दिसतो." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "उद्या साहेबाला सांगतो. गाडी बंद."

नणंद पुस्तक फिरवून फिरवून बघत राहिली. मुलगी बापाच्या बाजूला सरकली.

बाईने पुस्तक काढून घेतलं. तिची शंका अजून फिटली नव्हती. आता कुठे ती नीट उभी राहिली होती.

"म्हणजे ताईंनी डॉक्टरचं वाक्य सांगितलं त्याच घटकेला," ती म्हणाली, "ही पोर तुमचीच, हे तुम्हाला कळलं होतं. कळलं होतं ना? मग तेव्हा गप्प का बसलात?"