पुडीवाल्याची अट

डॉक्टर नीलांबरी कागदावर काहीतरी काढत होत्या. फैयाजने मान तिरकी करून बघितलं.

“पेरू हाय का म्याडम हा?”

“कमरेचं हाड आहे. राहात्याच्या पेरूवाल्या व्यापाऱ्याला सगळीकडे पेरूच दिसणार.”

फैयाज हसला आणि लगेच आपण हसलो याचं त्याला वाईट वाटलं. त्याची सात वर्षांची मुलगी सिमरन चार दिवसांपासून नगरच्या या दवाखान्यात होती. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, न उतरणारा ताप. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घटल्या होत्या. काल तिच्या हाडातली मज्जा तपासायला काढली होती. त्याची बायको शबनम वॉर्डात पोरीजवळ बसली होती आणि तो इथे, बंद दाराच्या छोट्या खोलीत.

“रक्त या हाडाच्या आत तयार होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “मज्जा म्हणजे रोपवाटिका समजा. बाग विरळ झाली तर आधी रोपवाटिकेत जाऊन बघावं लागतं. काल तिला गुंगीचं औषध दिलं, जागा बधिर केली आणि सुईने पातळ मज्जा ओढली. ती काचपट्ट्यांवर पसरून, रंग देऊन आज मी बघितली. थोडी पुण्याला पाठवलीय. तिथलं यंत्र एकेका पेशीवरच्या खुणा ओळखतं. त्याला दोन दिवस. शिवाय काडीपेटीच्या काडीएवढा हाडाचा तुकडा घेतलाय. तो मऊ केल्याशिवाय कापता येत नाही, म्हणून त्याला चार-पाच दिवस.”

“आन् आज काय दिसलं?”

“कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत.”

फैयाजने डोळे मिटले. उठावं, शबनमला सांगावं, पोरीला उचलून घरी न्यावं. पण डॉक्टर उठल्या नव्हत्या.

“थांबा, फैयाजभाई. मज्जा जवळजवळ रिकामी आहे. मज्जाच सुकण्याचा एक आजार असतो, त्यात असं दिसतं. त्याचे उपचार अगदी वेगळे. पण त्यात सहसा हाडं दुखत नाहीत. सिमरन म्हणाली, महिन्याभरापूर्वी तिचे पाय इतके दुखायचे की ती रात्री रडायची. मग दुखायचे एकदम थांबले. कशाने थांबले?”

“आपसूकच.”

“परवाही विचारलं होतं. कुठली गोळी, इंजेक्शन, काही दिलं होतं?”

“न्हाई.”

गोळी दिली नव्हतीच. बाजारात बसणाऱ्या बजरंगकडून पुड्या आणल्या होत्या, दोन आठवड्यांच्या, मधातून द्यायच्या. बजरंगने हात धरून बजावलं होतं, की देणाऱ्याचं नाव कुणापाशी काढलं की गुण गेला समजा. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात पळायला लागली. नाव काढायची हिंमत कोण करणार? शबनम तेव्हाच म्हणाली होती, आधी रक्त तपासा. त्याने तिलाच गप्प केलं होतं, आणि इथेही पुडीचं बोलू दिलं नव्हतं.

आता बोललो तर आलेला गुण जाईल. न बोललो तर हाच रिपोर्ट घेऊन बाहेर पडता येईल. दार दोन हातांवर होतं, पण त्याला उठवेना.

“समजा, पुडी दिली आसंल,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “झाडपाल्याची. मग?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “भूक वाढली होती का? तोंड सुजल्यासारखं?”

“व्हय. आमी म्हनलं, बाळसं धरतीय.”

“अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आम्हीही तेच देतो, पण इतर औषधांच्या जोडीने. एकट्या स्टेरॉइडने कॅन्सरच्या पेशी विरघळतात, काही दिवस दिसेनाशा होतात, पण मुळासकट जात नाहीत. म्हणजे मी आज जी रिकामी जागा बघितली, ती रिकामी आहे की कुणी दडून बसलंय, हे मला सांगता येत नाही.”

“म्हंजी मी तुमचं काम बिघडवलं.”

“अवघड केलंत. पण आज सांगितलंत. गप्प राहिला असतात तर मी कदाचित तिला चुकीच्या आजाराचं औषध दिलं असतं.” त्यांनी फोन उचलला. पुण्याला सांगितलं, की स्टेरॉइडचा संशय आहे, थोड्याशा पेशी असल्या तरी शोधा. फोन ठेवून म्हणाल्या, “शेवटची पुडी कधी दिली?”

“बारा दिस झालं.”

“रिपोर्ट येईपर्यंत रक्त-प्लेटलेट देत राहू, तापावर औषध चालू. पुण्याहून आणि तुकड्यातून काही कळलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी परत मज्जा काढावी लागेल.”

“परत तीच सुई?”

“तीच.”

काल सुई गेली तेव्हा गुंगीतही सिमरनने त्याचं बोट आवळलं होतं. तो बोटाकडे बघत राहिला.

“म्याडम, तिच्या आईला तुमी सांगता का?”

“आजार मी सांगेन. पुडीने काय झालं, ते तुम्ही सांगा.”

वॉर्डाच्या दारात शबनम उभी होती. “काय म्हनाल्या?”

“कॅन्सर दिसला न्हाई,” तो म्हणाला. तिचा चेहरा उजळायच्या आत त्याने तिचा दंड धरला. “पर न्हाईच आसं म्हनता येत न्हाई. माझ्यामुळं. बस जरा, सांगतो.”

शबनम बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “सांगा.”