न सापडणारं दीपगृह

भिंगरीचा पुस्तक-अहवाल उद्या द्यायचा होता आणि तिच्या पुस्तकात दीपगृह सापडत नव्हतं.

भिंगरी सहावीत. एका जागी बसणं तिला जन्मापासून मान्य नव्हतं, म्हणून हे नाव. पण या आठवड्यात तिने बूड टेकवून अख्खं पुस्तक वाचलं होतं. वर्गाच्या कपाटात ज्वालामुखींवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि बाईंचा नियम होता की ज्याचा अहवाल सगळ्यात चांगला, त्याने पुढचं पुस्तक आधी निवडायचं. ज्वालामुखीवर वर्गातल्या दंतवैद्यांच्या मुलाचाही डोळा होता. प्रत एकच.

अहवालाचे भाग चार : कथानक, स्थळ-काळ, पात्रं आणि स्वतःचं मत. कथानक थोडक्यात, आपल्या शब्दांत. पात्राचा स्वभाव सांगायचा तर पुस्तकातला प्रसंग द्यायचा. मत दिलं तर कारणही द्यायचं. भिंगरीने सुरुवात केली, ‘एका फिरत्या सर्कशीत...’

“सर्कस? कुठली सर्कस?” बाबा मागून डोकावले. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून ते घरी यायचे. त्यांनी पुस्तक उलटं केलं. “हे बघ. एकाकी बेट. दीपगृहाचा रखवालदार आणि त्याची मुलगी. वादळ. वर चित्रसुद्धा दीपगृहाचं!”

“पण बाबा, आत दीपगृह नाहीये.”

“एक पाय खुर्चीवर, एक खिडकीत. असं वाचल्यावर काय सापडणार?”

“मी नीट वाचलंय!”

“अगं, हे पुस्तक मला पाठ आहे. सुट्टीत पालकांनी मिळून शाळेची फाटकी पुस्तकं दुरुस्त केली ना? पहिलं पान गेलेलं, पुठ्ठा सुटलेला. मी स्वतः चिकटवलाय.”

“चिकटवलायस, वाचलं नाहीयेस,” आई आतून म्हणाली. “तिने पुस्तक वाचलंय, तू पुठ्ठा वाचलायस.”

“छापलेला मजकूर खोटा असतो का?” या प्रश्नावर आईने उत्तर दिलं नाही, भांडी दिली. म्हणजे बाबांना घासायला.

भिंगरी पुन्हा वाचायला बसली. बसली म्हणजे आधी पलंगावर, मग पलंगाखाली, मग दारात. चाळीस पानं झाली, बेट नाही. तंबू होता, वाघ नव्हता, दोरीवर चालणारी एक घाबरट मुलगी होती. शेवटी ती धावत स्वयंपाकघरात आली. “बाबा, तंबूच्या खांबावर कंदील आहे. तो असेल का?”

“तोच!” बाबांच्या हातातून पातेलं निसटलं. “लेखक थेट सांगत नसतात.”

मग पहिले तीन भाग पुठ्ठ्यावरून झाले. बेट आलं, रखवालदार शूर झाला, प्रसंग वादळाचा. मताच्या वेळी बाबा बाजूला झाले. “ते तुझं तू लिही. मतात मी ढवळाढवळ करत नाही.”

भिंगरीने पेन्सिल चावून चावून लिहिलं, ‘मला पुस्तक आवडलं. कारण दोरीवरची मुलगी आपण घाबरलोय हे सगळ्यांसमोर सांगते आणि मगच चालते. पण दोनदा वाचूनही मला दीपगृह सापडलं नाही. बाबा म्हणतात, आहे.’

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी दंतवैद्यांच्या मुलाचा अहवाल वाचला. त्याच्या पुस्तकावर सर्कशीचं चित्र होतं, आणि त्याचं मत ठाम होतं : ‘सर्कस फार छान. वाघ विशेष आवडला.’ मग भिंगरीचा वाचला. मताशी येऊन बाई थांबल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या. दोन्ही पुस्तकं त्यांनी शेजारी शेजारी उघडली.

भिंगरी बाकावर पाय दुमडून बसली, मग सोडून बसली.

“हे पुठ्ठे कुणी चिकटवले?” बाईंनी विचारलं.

“माझ्या बाबांनी!” भिंगरी अभिमानाने उभी राहिली.

बाईंनी दंतवैद्यांच्या मुलाकडे पाहिलं. “तुझ्या पुस्तकात समुद्र आहे. वाघ कुठल्या पानावर भेटला?”

त्याने पुठ्ठ्यावरच्या वाघाकडे बोट दाखवलं.

“आणि भिंगरी, तुझे पहिले तीन भाग साफ चुकलेत.”

भिंगरीने खिडकीकडे पाहिलं. उडी मारून पळण्याइतकी खिडकी बुटकी नव्हती.

“मत मात्र बरोबर आहे. हे वाचल्याशिवाय लिहिताच येणार नाही. ज्वालामुखी घेऊन जा, तीन भाग सोमवारी परत लिहून आण. आणि ही दोन्ही पुस्तकं बाबांना दे. पुठ्ठ्यांची अदलाबदल झालीय, ज्याचे त्याला लावून हवेत.”

रविवारी बाबा खळ घेऊन बसले. बराच वेळ झाला तरी पुठ्ठे सुटेच होते आणि खळीवर साय धरली होती.

“झालं का रे चिकटवून?” आईने विचारलं.

“थांब गं, वादळ सुरू झालंय.” बाबांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

भिंगरी नवीन कथानक लिहिता लिहिता उठून आली. “त्यात तरी दीपगृह आहे ना?”

“आहे. पण रखवालदार पळून गेलाय! दिवा ती पोरगी सांभाळतेय. पुठ्ठ्यावर हे कुठे लिहिलं होतं?”