गुणायचं की भागायचं?

उत्कर्षा फायनान्सच्या पेपरला दुसऱ्यांदा बसली होती. प्रश्न होता: पाच वर्षांनी पाच लाख हवेत, व्याज आठ टक्के चक्रवाढ, तर आज किती गुंतवावे? ‘पाच वर्षांनी’ वाचताच तिने भविष्यमूल्याचं सूत्र लावून गुणाकार केला. उत्तर सात लाखांच्या वर गेलं.

“दहा मिनिटं उरली,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. उत्कर्षाने उत्तर पुन्हा वाचलं. पाच लाख मिळवायला आज सात लाख कोण ठेवेल? विचारलं होतं वर्तमानमूल्य! तिने सगळं खोडून त्याच गुणकाने भागलं. तीन लाख चाळीस हजार आले.

बाहेर हाच पेपर देऊन आलेली नम्रता भेटली. तिनेच उत्कर्षाला ही सूत्रं शिकवली होती.

“सात लाख चौतीस हजार ना गं?”

उत्कर्षाने प्रश्नपत्रिकेची घडी घालून ती पिशवीत टाकली.

“चल, उद्याच्या पेपरचं बघू,” उत्कर्षा म्हणाली.