पहिल्या हिवाळ्याची जागा

लेकीची आत्या दूर शहरात वारल्यावर काकूंनी मागची खोली रंगवून घेतली. रंगाऱ्याला म्हणाल्या, भिंतीला ओल आलीय. ओल गेली पंचवीस वर्षं तिथंच होती. तिचं कुणाला काही वाटलं नव्हतं, काकूंनाही नाही. नवा पलंग आला, खिडकीला पडदा आला, आणि मग लेकीचा फोन आला की आठ दिवसांची रजा काढून येतेय.

काकूंचं घर म्हणजे तळ्याकाठचं पक्षी केंद्र. पुढच्या दोन खोल्यांत वजनकाटे, पक्कडी, कापडी पिशव्या आणि पक्ष्यांच्या पायात घालायच्या नंबराच्या कड्या. मागं स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या. सरांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, आणि काकूंनी सगळा जन्म इथं काढला. आसपास शाळा नव्हती. म्हणून लेक, चिमी, सहा वर्षांची झाली तशी सरांनी तिला आपल्या बहिणीकडे, दूरच्या शहरात धाडली. आत्याला मूलबाळ नव्हतं, औषधांचं दुकान होतं. दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे, असं तेव्हा ठरलं होतं. पुढं शाळेचं कॉलेज झालं, कॉलेजचं दुकान झालं. दर उन्हाळ्यात चिमी यायची, झाडांवर टांगलेली एकूण एक लाकडी पेटी तिला पाठ असायची, आणि सुट्टी संपली की निमूट परत जायची. रडायच्या त्या काकू, त्याही चुलीच्या धुराचं निमित्त करून. पुढं गॅस आला आणि तेवढंही निमित्त गेलं.

सरत्या हिवाळ्यात आधी सर गेले, महिन्याभरात त्यांची बहीण गेली. भावंडं एकमेकांना सोडून कधी कुठं गेली नाहीत, असं लोक म्हणाले. काकू वेगळंच म्हणत होत्या, मनातल्या मनात. आता चिमीला तिकडं कोण आहे? दुकान विकता येतं. इथंच राहतेस का, हे आल्या दिवशी विचारायचं नाही, घाई दिसेल. तिसऱ्या दिवशी, पक्ष्यांचं काम आटोपलं की विचारायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी पेट्या बघायला निघाल्या. वसंत ऋतूत तेल्या मैना परत येतात, पेट्यांत गवतकाडी भरतात. अक्रोडावरच्या पेटीत मादी शिरली तशी चिमीनं भोकावर तळवा ठेवला, वरचं झाकण उघडून अलगद पक्षी बाहेर काढला. मान दोन बोटांमध्ये, पंख तळहातात. हात विसरला नव्हता.

"आई, हिला जुनी कडी आहे."

काकूंनी चष्मा सावरून नंबर वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"काय झालं?"

"ही विमानवाली."

मग काकूंनी तिला सांगितलं. इथल्या तेल्या मैना हिवाळ्याला नैर्ऋत्येकडे जातात, समुद्राजवळच्या सखल रानात. दीड वर्षापूर्वी, पानगळीच्या दिवसांत, सरांनी जायच्या बेतात असलेल्या मैना धरल्या. काही म्हाताऱ्या, बऱ्याच वेळा जाऊन आलेल्या; काही त्याच उन्हाळ्यात या पेट्यांत जन्मलेल्या. टोपल्यांवर कापड बांधून त्यांना विमानानं पार आग्नेयेला नेलं आणि सोडून दिलं. पुढं कड्यांवरचे नंबर वाचून ठिकठिकाणांहून निरोप आले. म्हाताऱ्या मैनांनी मान वळवली आणि तिरक्या वाटेनं नेहमीच्या रानात जाऊन पोचल्या. आपण कुठं येऊन पडलोय हे त्यांना कळलं होतं. पृथ्वीच्या चुंबकाचा जोर जागोजागी बदलतो त्यावरून, की वासावरून, हे अजून पुरतं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

"आणि पिल्लं?"

"पिल्लांना एवढंच ठाऊक की कुठल्या दिशेला जायचं आणि साधारण किती दिवस उडायचं. ते जन्मतःच घेऊन येतात. सूर्य बघून दिशा धरतात. सूर्य सरकतो, तर पोटातलं घड्याळ तेवढं वजा करतं. त्यात एक रेघ चुकली नाही त्यांची. नैर्ऋत्य म्हणजे नैर्ऋत्य. फक्त सुरुवातच दुसरीकडून झाली होती ना. मग पोचली ती दुसऱ्याच मुलखात. तिथं आपलं कुणी नाही. ही त्या पिल्लांतलीच एक."

चिमीच्या हातात मैना शांत होती. छाती तेवढी धडधडत होती.

"ही परत आली तर मग."

"गेल्या वसंतातच आली. जन्माची जागा ओळखीची असते, ती विसरत नाहीत." काकूंनी पेटीचं झाकण उगाच पुसलं. "तुझ्या बाबांची आणि माझी पैज लागली होती हिच्यावरून. मी म्हटलं, आता मोठी झाली, वाट कळली, पुढच्या हिवाळ्याला आपल्या माणसांबरोबर खऱ्या रानात जाईल. ते म्हणाले, नाही जायची; पहिला हिवाळा जिथं काढला तिथंच जाईल. हरेल त्यानं महिनाभर सकाळचा चहा करायचा. तुझे बाबा आणि चहा. पातेलं कुठं असतं ते ठाऊक नव्हतं त्यांना."

"मग कोण जिंकलं?"

काकूंनी चौकशीच केली नव्हती. मैना पानगळीत उडून गेली, सर हिवाळ्यात गेले, आणि पैज तशीच राहिली. एकटीनं जिंकून तरी काय करायचं होतं. हरायचं तर त्याहून नव्हतं.

चिमीनं मैना आईच्या हातात दिली आणि कड्यांच्या मुख्य कचेरीला फोन लावला. नंबर वाचून दाखवला, आवाज मोठा केला. पलीकडचा कारकून खोकत खोकत शोधत होता. काकूंच्या तळहातात तो एवढासा जीव उबदार होऊन बसला होता आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण देवाकडे काहीतरी मागतोय. मैनेपुरतं नाही.

कारकून म्हणाला, आहे नोंद. भर हिवाळ्यात जाळ्यात सापडली होती, तब्येतीनं उत्तम. आणि त्यानं त्या परक्या मुलखाचं नाव घेतलं, जिथं ती पहिल्या वर्षी चुकून गेली होती.

चिमीनं फोन बंद केला. "बाबा जिंकले."

"हं."

"पण आई, आता तिला खरं रान गाठता आलं असतं ना? वाट येत होती."

"येत असणार. पण तिच्या लेखी खरं रान तेच. तिला आपण वाट चुकलो असं कुठं वाटतंय. तसं फक्त आपल्याला वाटतं." काकूंनी अंगठ्यानं मैनेची पिसं सारखी केली. "दर वसंतात येईल ती. जगली तोवर येईल. आणि थंडी पडली की तिकडं जाईल."

चिमीनं आईकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली, "खोलीला रंग छान दिलायस. मी आल्या आल्या बोलायला हवं होतं. तू काही विचारशील म्हणून मला दोन रात्री झोप नाही."

"ओल आली होती भिंतीला," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात उघडला. मैना क्षणभर बोटांवरच राहिली, मग फर्रकन उडून वरच्या फांदीवर बसली आणि पिसं झटकू लागली, जणू झाला प्रकार तिला मुळीच पसंत नव्हता. चिमीला हसू आलं. हसता हसता तिनं डोळे पुसले.

दोघी घराकडे वळल्या. पायवाट अरुंद होती, चिमी पुढं आणि काकू मागं. रंगवलेल्या खोलीची खिडकी दिसू लागली तेव्हा काकूंनी विचारलं, "दुकान कोण बघतंय तुझ्यामागं?"

"बाईमाणूस ठेवलंय एक. हुशार आहे. पण औषधांच्या मुदती बघायच्या राहतात तिच्या."

"मग रविवारी सकाळच्या गाडीनंच नीघ. दुपारच्या गाडीला फार उशीर होतो पोचायला."

घरी आल्यावर काकूंनी पातेलं काढलं. पैजेचा महिना आजपासून धरायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि आधण ठेवलं तीन कपांचं.