diwas नावाचा कॉलम

सुबोध परबला वर्षातल्या सर्वोत्तम कामाचं बक्षीस मिळालं, तेव्हा नीलम वानखडे तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पडद्यावर दिसत होतं ते काम तिचं होतं. स्लाइडवर नाव एकच होतं, आणि ते तिचं नव्हतं.

पवईतली त्यांची कंपनी एका मोठ्या डेअरीसाठी काम करायची. डेअरीच्या शेकडो टँकरमध्ये तापमान मोजणारी यंत्रं होती आणि ती दर दहा सेकंदांनी एक नोंद पाठवत. सगळ्या नोंदी क्लाउडवरच्या साठ्यात पडत, साध्या मजकुराच्या फाइली म्हणून. प्रश्न विचारायचा झाला तर स्वतःचा सर्व्हर नव्हता. भाड्याचं इंजिन होतं. ते प्रत्येक क्वेरीमागे, म्हणजे विचारलेल्या प्रश्नामागे, जितका डेटा वाचेल तितके पैसे लावायचं. त्यामुळे एका टँकरबद्दल विचारलं तरी अख्खा साठा चाळला जायचा आणि बिल बघून जो तो डोक्याला हात लावायचा.

नीलमने ते सगळं बदललं. फाइली पार्के नावाच्या फाइल-प्रकारात आणल्या. त्यात डेटा ओळीओळीने न राहता कॉलमवार राहतो, म्हणून तापमान हवं असेल तर इंजिन तापमानच वाचतं, ड्रायव्हरचं नाव आणि टायरचा दाब नाही. मग तिने दिवसवार वेगळे फोल्डर केले. क्वेरीत दिवस सांगितला की बाकीचे फोल्डर इंजिन उघडतच नाही.

त्यात एक खोच होती. यंत्रं event_time या कॉलमात वेळ पाठवायची ती ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दूध तर पहाटे निघतं. पहाटे चारचा टँकर ग्रिनिचच्या हिशेबात आदल्या दिवशी जाऊन बसायचा. म्हणून नीलमने भारतीय तारखेचा वेगळा कॉलम बनवला, फोल्डर त्यावर पाडले आणि त्याला नाव दिलं diwas.

सुबोध तेव्हा तिचा टीम लीड होता. नाव बघून तो हसला होता. "दिवस काय गं? गावाकडे बोर्ड लावतेयस का? काहीतरी प्रोफेशनल नाव दे ना यार."

नाव तसंच राहिलं, कारण बदलायला सुबोधला वेळ नव्हता. नीलमची बदली करायला मात्र वेळ मिळाला. बक्षिसानंतर महिन्याभरात त्याने वरिष्ठांना कळवलं की नीलम मेहनती आहे पण पुढाकार घेत नाही, आणि तिला प्लॅटफॉर्म टीममध्ये पाठवलं. तिकडे क्लाउडच्या बिलांवर नजर ठेवायची. जाताना म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस. तुझ्यासारखीला हे जमेल."

नीलम भांडली नाही. घाटकोपरला घरी आई विचारायची, काय झालंय तुला. ती म्हणायची, काही नाही. राग विझला नव्हता, फक्त तो कामाला लागला होता.

प्लॅटफॉर्म टीमची प्रमुख जानकी. तिने नीलमला पहिलंच काम दिलं ते खर्चाला वेसण घालायचं. नीलमने सुचवलं, एका क्वेरीने किती डेटा वाचायचा याला मर्यादा घालू. ओलांडली की क्वेरी आपोआप रद्द. मर्यादा तिने मोजूनमापून ठरवली. नीट लिहिलेल्या क्वेरीला ती कधी जाणवलीही नसती. जानकीने मेलचा मसुदा वाचून मंजुरी दिली. मेल सगळ्यांना गेला, सुबोधलाही. त्याने न वाचता अंगठा टाकला.

त्या मसुद्यात नीलमने शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: तारखेसाठी diwas वापरा, event_time नको. पाठवायच्या आधी ते वाचलं आणि खोडून टाकलं. तिनेच लिहिलेल्या, या डेटा-टेबलाच्या माहितीपत्रात ते होतंच. ते माहितीपत्र सुबोधने स्वतःचं म्हणून मिरवलं होतं. मग ते त्याला पाठ असायला हवं.

डेअरीची माणसं करार वाढवायचा की नाही ते ठरवायला आली. शिवदास राणे त्यांचे वाहतूक प्रमुख, मूळ मालवणचे, आता मुलुंडला राहणारे, तोंडाने फटकळ. खर्चाबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला म्हणून नीलमलाही जानकीने बसवलं होतं.

सुबोधचे आलेख सुरेख चालले. ते सगळे नीलमने लिहिलेल्या क्वेरींवर उभे होते. मग राणे म्हणाले, "चित्रां झाली. आता माझो प्रश्न. होळीच्या दिवशी आमचो एक टँकर गरम झालो, दूध फाटला. किती वाजता, ता दाखवा."

त्यांनी गाडीचा नंबर सांगितला. सुबोधने बाह्या सरसावल्या. "आत्ता दाखवतो, सर. लाइव्ह."

त्याने सगळे कॉलम मागितले. मग event_time भारतीय वेळेत बदलून, त्याची तारीख काढून, ती होळीच्या तारखेशी जुळवली. उत्तर बरोबर आलं असतं, पण अख्खा साठा वाचून. नीलम पडद्याकडे बघत होती. पार्के फाइलच्या शेवटी प्रत्येक भागातली किमान आणि कमाल वेळ लिहिलेली असते. साधी तुलना असती तर ती बघून इंजिनने बरेच भाग वगळले असते. पण कॉलमवर असं रूपांतर चढवलं, की या इंजिनला वगळता काही येत नव्हतं. आणि diwasचा उल्लेखच नव्हता, म्हणजे प्रत्येक फोल्डर उघडा.

लाल अक्षरं आली. मर्यादा ओलांडली, क्वेरी रद्द.

"नेटवर्क," सुबोध म्हणाला आणि पुन्हा तीच चालवली. पुन्हा लाल.

"तोपर्यंत होळी येयत परत," राणे म्हणाले.

कुणीतरी हसलं. सुबोध राणेंकडे वळला. "सर, सिस्टिम झकास आहे. आमच्याच प्लॅटफॉर्मवाल्यांनी एक फालतू लिमिट लावलंय. नीलम, काढ ना ते. दोन मिनिटं."

"काढते," नीलम म्हणाली. "त्याआधी एक सांग. या टेबलात diwas कॉलम कशासाठी आहे?"

"ते... डुप्लिकेट आहे. जुनं काहीतरी. नंतर बोलू ना."

"फोल्डर कशावर पाडलेत?"

"तारखेवर."

"कुठल्या तारखेवर, सुबोध?"

सुबोध पडद्यावरची कॉलमांची यादी खालीवर सरकवत राहिला. नीलमने घाई केली नाही. त्याचं हे शोधणं तिला हवं होतं, आणि ते तिने पुरं होऊ दिलं. मग कीबोर्ड स्वतःकडे ओढला. वेळ आणि तापमान, दोनच कॉलम. diwas बरोबर होळीची तारीख. गाडीचा नंबर. क्वेरी डोळ्याचं पातं लवायच्या आत परतली. खाली वाचलेला डेटा दिसत होता, मर्यादेच्या पासंगालाही न पुरणारा. टँकर पहाटे साडेचारनंतर गरम व्हायला लागला होता.

राणेंनी आधी पडद्याकडे बघितलं, मग सुबोधकडे. "ह्यां बांधला कोणी?"

जानकीही सुबोधकडेच बघत होती.

"नीलमने," तो म्हणाला. एवढंच, आणि तेही टेबलाकडे बघून.

करार वाढला. दुपारी पँट्रीत सुबोधने तिला गाठलं. "तुला माहीत होतं मी अडकणार. आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"काही नाही," नीलम म्हणाली. "ठरवून नाही सांगितलं."

"माझी वाट लावलीस तू."

"मी लिमिट लावलं रे. क्वेरी तू लिहिलीस."

संध्याकाळी जानकीने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "मसुद्यात diwasचं वाक्य होतं. मेलमधून ते तू मुद्दाम गाळलंस?"

"हो."

जानकीने लॅपटॉप पुढे ओढला. "हे मला आवडलेलं नाही. पण राणेंना तूच हवीयस. सोमवारपासून ती टीम तुझी. सुबोधसाठी अंधेरीच्या ऑफिसात जागा आहे, त्याने विचारलंयही. पाठवते त्याला, म्हणजे दोघांची सुटका."

"नको," नीलम म्हणाली. "त्याला राहू दे. माझ्या हाताखाली."

"का गं?"

"टेबल त्याचं आहे म्हणत होता ना इतके दिवस. आता शिकू दे."

जानकीने अंधेरीच्या बदलीचा मेल उघडला होता, तो तिने न पाठवता बंद केला.